सर्व्हर रूमला गॅसच का? वर स्प्रिंकलर आहे की!

कृष्णाकाठ
मंडळी, एका सहकारी बँकेत आयटी बघतो, गाव सांगलीकडचं. मुख्य शाखेत पहिल्या मजल्यावर सर्व्हर रूम आहे, तीन रॅक, दोन एसी, कोपऱ्यात यूपीएस. ऑडिटरने शेरा मारला की इथे गॅस सप्रेशन, म्हणजे गॅस सोडून आग विझवायची सोय, नाही. मी कोटेशन मागवलं, एफएम २०० चा एक सिलिंडर, ३० किलो गॅस, पॅनल, डिटेक्टर, पाइप, सगळं मिळून. आकडा बघून संचालक मंडळात एक काका म्हणाले, "अहो वर स्प्रिंकलरची लाइन गेलीय की, पैसे भरून बसवलीय ना आपण ती? आग लागली तर पाणी पडेल, आग विझेल, गॅस कशाला." मी "सर्व्हरवर पाणी कसं चालेल" म्हटलं तर म्हणाले आग लागल्यावर तो सर्व्हर तसाही गेलाच ना! खरं सांगतो, पटकन उत्तर सुचलं नाही. तर प्रश्न असा, की पाणी का नको हे पटेल असं कसं सांगायचं, आणि हा ३० किलोचा आकडा बरोबर आहे का? खोली ५ बाय ४ मीटर आहे.

वाटाणा
एफएम २०० म्हटल्यावर मला वाटलं नवीन रेडिओ चॅनल आलं 😀

जुना_लाइनमन
काका चुकीचं बोलले पण गॅस पण जपून हो. आम्ही सबस्टेशनला असताना बंद खोलीत गॅस सोडायची सिस्टीम होती. तो गॅस हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो म्हणून आग विझते, आणि आत माणूस असला तर तोही विझतो. दाराच्या बाहेर आधी गॅस लॉक ऑफ करून मगच आत जायचो. बँकेत रोज पोरं आत-बाहेर करणार, कोण बघणार ते? मी तर म्हणेन दोन चांगले हातातले सिलिंडर ठेवा आणि शांत झोपा.

फायरपंप
लाइनमन साहेब, तुमचा अनुभव खरा आहे पण तो वेगळा गॅस. तुमच्याकडे कार्बन डायऑक्साइड होता. त्याने खोली भरायची तर ३४ टक्क्यांच्या वर न्यावा लागतो आणि माणूस १० टक्क्यांच्या आसपासच आडवा होतो, म्हणून ते लॉक ऑफ. एफएम २०० ऑक्सिजन खात नाही. तो मुख्यतः ज्वाळेतली उष्णता शोषून घेतो, ज्वाळा थंड पडून मोडते. ७-८ टक्क्यांत काम होतं, आणि माणसाच्या हृदयावर परिणाम दिसत नाही ती मर्यादा ९ टक्के धरलेली आहे. म्हणजे अंतर आहे, पण फार नाही. तरी आत थांबायचं नसतंच, हूटर वाजला की बाहेर.

आता कृष्णाकाठ, तुमच्या काकांचं. मी १८ वर्षं ह्याच धंद्यात आहे, आणि "पाण्याने शॉर्ट होतं" हे उत्तर देऊ नका, कारण ते काकांना आधीच माहितीय आणि त्यावर त्यांचं उत्तरही तयार आहे. मुद्दा वेळेचा आहे. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी लाल नळी असते, ती साधारण ६८ डिग्रीला फुटते. म्हणजे छताजवळची हवा तेवढी तापली पाहिजे. सर्व्हर रूममधली आग गवताच्या गंजीसारखी भडकत नाही, एखाद्या पॉवर सप्लायमध्ये किंवा केबलच्या गठ्ठ्यात ती धुमसत राहते, आणि दोन एसी ती हवा सतत थंड करतायत. छत ६८ ला पोचेपर्यंत पीव्हीसीचा आम्लयुक्त धूर तिन्ही रॅकमध्ये फिरून झालेला असतो. ज्या सर्व्हरला आग शिवलीसुद्धा नाही त्याच्या बोर्डावर तो बसतो. गॅस सिस्टीम धुरावर चालते, तापमानावर नाही. त्यामुळे जळणारा सर्व्हर गेला तरी शेजारचे दोन रॅक राहतात. "तो सर्व्हर तसाही गेलाच" हे बरोबर, पण विषय त्याच्या शेजाऱ्यांचा आहे.

दुसरं, पाणी वरून पडतं आणि आग रॅकच्या पोटात असते. वरचं पत्रं पाणी अडवतं. गॅस फॅनच्या जाळीतून आत शिरतो.

बॅकअप_घेतला_का
मी भुक्तभोगी. आग वगैरे काही नव्हती. एका ऑफिसात (नाव घेत नाही) पेंटर शिडी फिरवताना शिडीचं टोक स्प्रिंकलरला लागलं, ती काच फुटली. त्या पाइपातलं पाणी वर्षानुवर्षं तसंच उभं असतं हे तोवर माहीत नव्हतं. काळं, तेलकट, गंजाचा वास, गटार फुटल्यासारखं. खाली व्हॉल्व्ह कुठे आहे ते वॉचमनला माहीत नाही, ज्याला माहीत तो जेवायला गेलेला. बंद व्हायला दहा-बारा मिनिटं गेली. रॅकमधून पाणी फॉल्स फ्लोअरखाली, तिथे सगळे पॉवरचे सॉकेट. पुढचे दोन दिवस आम्ही हार्ड डिस्क काढून पंख्याखाली वाळवत होतो, पापड वाळवतात तशा.

फायरपंप
साधारण हिशोब देतो. नेहमीचं एक स्प्रिंकलर हेड १ बार प्रेशरला मिनिटाला ८० लिटर सोडतं. दहा मिनिटांत ८०० लिटर, म्हणजे गच्चीवरची एक टाकी जवळजवळ रिकामी. आणि ते आपलं आपण थांबत नाही, कोणीतरी व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत चालू.

ठिणगी
पण मग मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये स्प्रिंकलर असतातच की. तुम्ही गॅसवाले लोक पाण्याला व्हिलन करता.

फायरपंप
असतात, आणि मी काढा म्हटलेलं नाही. पाणी इमारत वाचवायला, गॅस मशीन वाचवायला. फक्त तिथे बहुतेक ठिकाणी प्री-ॲक्शन असतं, म्हणजे पाइप कोरडा, आधी डिटेक्टरने होकार दिला की मगच पाणी पाइपात येतं. पेंटरची शिडी लागली तर हवा सुटते, अलार्म वाजतो, पाणी पडत नाही. बॅकअप_घेतला_का यांच्याकडे ते नव्हतं. कृष्णाकाठ, काकांना सांगा लाइन राहू दे, जमलं तर त्या खोलीपुरती प्री-ॲक्शन करा.

आता तुमचा ३० किलो. खोलीची उंची सांगा, आणि फॉल्स सीलिंग, फॉल्स फ्लोअर आहे का तेही.

कृष्णाकाठ
दोन्ही आहे. उभं राहिल्यावर दिसते ती उंची २.४ मीटर. फ्लोअरखाली एक फूट, सीलिंगच्या वर दोन फूट धरा.

फायरपंप
वाटलंच. सूत्र असं:

`W = (V ÷ S) × C ÷ (100 − C)`

V खोलीचं घनफळ, C गॅसची टक्केवारी, S म्हणजे एक किलो गॅस किती घनमीटर होतो, २० डिग्रीला ०.१३७२. C मी ७.९ धरतो.

तुमच्या कोटेशनवाल्याने ५ × ४ × २.४ = ४८ घनमीटर धरलेत. त्याला लागतो बरोब्बर ३० किलो. पण खरी खोली स्लॅबपासून स्लॅबपर्यंत ३.३ मीटर, म्हणजे ६६ घनमीटर, तिथे ४१ किलो लागतो. केबल जास्त करून फ्लोअरखालीच असतात आणि आगही तिथेच लागू शकते, ते सोडून कसं चालेल? आता ३० किलो ६६ घनमीटरमध्ये पसरला तर किती? मी केलं, ५.९ टक्के. आग विझेलही कदाचित, कारण ७.९ मध्ये सुरक्षेची भर धरलेली आहे. पण ती भर तुम्ही आग लागण्याआधीच संपवून बसलात.

त्याला विचारा, फ्लोअरखाली, खोलीत आणि सीलिंगच्या वर असे गॅस सोडणारे तीन नोझल आहेत का? एकच दाखवला असेल बघा.

कृष्णाकाठ
एकच आहे 🤦

चिंचेचं_झाड
आमच्याकडचा किस्सा सांगते, हसू नका. दसरा. आम्ही दरवर्षी सर्व्हरची पूजा करतो, झेंडूची माळ रॅकच्या हँडलला, हळदकुंकू दारालाच (आत नको असं मीच सांगितलेलं). त्या वर्षी नवीन ॲडमिन मॅनेजर आले, भाविक माणूस, त्यांनी धूप लावून आत आणला आणि रॅकभोवती ओवाळायला लागले. पॅनलवर पहिला झोन लाल. हूटर. ते म्हणाले "हे काय वाजतंय, बंद करा" आणि ओवाळत राहिले. चाळीस सेकंदांनी दुसरा झोन. आता सायरन बदलला आणि पॅनलवर काउंटडाउन सुरू, ३० पासून. मी दारातून धावत जाऊन ॲबॉर्टचं बटण दाबलं. आणि आता खरी गंमत, ते बटण दाबून धरायचं असतं! सोडलं की मोजणी पुन्हा सुरू. मी एका हाताने बटण धरून उभी, दुसऱ्या हाताने वेंडरला फोन, आणि मॅनेजर साहेब हातात धूपदाणी घेऊन "मी जाऊ का बाहेर?" विचारतायत.

वाटाणा
या देवी सर्व्हरूपेण 😂😂

जुना_लाइनमन
दोन झोन कशाला ते कळलं नाही. एकात काम होत नाही का.

चिंचेचं_झाड
तेच तर वाचवतं ना. एक डिटेक्टर धुळीनेही वाजतो. दोन वेगळ्या सर्किटवरचे डिटेक्टर दोन्ही बोंबलले तरच गॅस सुटतो, एकट्याने नुसता अलार्म. पहिल्याच डिटेक्टरवर सुटला असता तर दसऱ्याला सगळं सोनं लुटलं असतं, रिफिलचं बिल मी बघितलेलं आहे.

मस्कतकर
इकडे आमच्याकडे एफएम नाही, इनर्ट गॅस आहे, आयजी ५४१. नायट्रोजन ५२, आर्गॉन ४०, कार्बन डायऑक्साइड ८. लाइनमन काका म्हणतायत तो प्रकार थोडासा हाच, हा ऑक्सिजन खरंच कमी करतो, १२-१३ टक्क्यांवर आणतो. तो ८ टक्के मुद्दाम घातलाय, त्याने माणसाचा श्वास खोल होतो म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही निभावतं. निसर्गातलाच गॅस, त्यामुळे पर्यावरणाची कटकट नाही. पण सिलिंडर बघा, २०० नाहीतर ३०० बारचे, भिंतभर रांग. तुमच्या ६६ घनमीटरला एकाच्या जागी जास्त उभे करावे लागतील.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही, आवाज. २०१६ च्या सप्टेंबरात बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग नव्हती, चाचणी होती. इनर्ट गॅस सोडला, नोझलचा आवाज इतका की हार्ड डिस्क बिघडल्या. एटीएम, कार्ड, सगळं साधारण दहा तास बंद. फिरत्या डिस्कचं डोकं ट्रॅकवरून हलतं म्हणे आवाजाच्या कंपनाने. आम्ही त्यानंतर आवाज कमी करणारे नोझल बसवले आणि डिस्कच्या रॅककडे तोंड करून नोझल ठेवायचं नाही असं ठरवलं.

बॅकअप_घेतला_का
म्हणजे पाण्याने मरा नाहीतर शिट्टीने मरा. चॉइस आहे.

डॉ_गल्लीतले
धागा वाचला. माझं छोटं क्लिनिक आहे, जिन्याखाली कपाटात एक कॉम्प्युटर आणि राउटर. हा गॅस बसवून घेऊ का? मिसेसचं म्हणणं आहे किचनच्या सिलिंडरजवळ नको.

फायरपंप
डॉक्टर, तुम्हाला ह्यातलं काही नको. बाहेर एक धुराचा डिटेक्टर आणि हातातला CO₂ सिलिंडर ठेवा. ती लाल पावडरवाली नळकांडी कपाटावर वापरू नका, आग विझेल पण ती पावडर ओल धरून बोर्ड खाते. आणि हा किचनचा गॅस नाही, जळत नाही, मिसेसना सांगा.

ठिणगी
आता माझा खरा आक्षेप. तुम्ही सगळे गॅस गॅस करताय आणि कृष्णाकाठच्या खोलीत यूपीएस कोपऱ्यात आहे हे कोणी वाचलंच नाही. त्याच्या बॅटऱ्या लिथियमच्या असल्या तर? कोरियात पँग्योला ऑक्टोबर २०२२ मध्ये बॅटरी रूममध्ये आग लागली, तिथलं मेसेजिंग ॲप काकाओ बंद पडलं. गॅस सुटला होता, आग विझली नाही. शेवटी वीज तोडून पाणीच मारावं लागलं. डेजॉनला सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी डेटा सेंटरला पुन्हा तेच, यूपीएसची लिथियम बॅटरी, शेकडो सरकारी सेवा ठप्प. बॅटरी आतूनच तापते, तिला बाहेरून हवा लागतच नाही, मग तुमचा गॅस काय करणार?

फायरपंप
मान्य. इथे मी भांडणार नाही. गॅस ज्वाळा मोडतो पण बॅटरीच्या पोटातली उष्णता बाहेर काढत नाही, आणि थंड करायचं काम पाण्याइतकं कोणी करत नाही. गॅस निघून गेला की ती पुन्हा पेटते. लिथियम असेल तर बॅटरी दुसऱ्या खोलीत, मध्ये आग धरणारी भिंत. जुन्या लेड ॲसिडला एवढा प्रकार नाही, पण तीही मी बाहेरच काढायला सांगतो.

बॅटरीच कशाला, साधी केबलसुद्धा गॅसनंतर वीज चालू राहिली तर पुन्हा धरू शकते. म्हणून पॅनलमधून एसी तर बंद होतोच, रॅकची वीजही तोडायचं जोडून घ्यावं. त्याला आयटीवाले नाही म्हणतात, "आमचा अपटाइम". मग वाद होतो. मी अजून जिंकलेलो नाही.

मस्कतकर
कृष्णाकाठ, एफएम २०० घेण्याआधी एक विचार करा, त्याची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटीच्या वर आहे. असे गॅस कमी करायच्या किगाली करारात भारताला २०२८ पासून एचएफसीचा, म्हणजे एफएमच्याच जातीच्या गॅसचा, वापर गोठवायचा आहे, २०३२ पासून कपात. पुढे रिफिल महाग होणार. त्याऐवजी नोव्हेक नावाचं आग विझवणारं रसायन घ्या.

फायरपंप
नोव्हेक १२३० बनवणाऱ्या थ्रीएमने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ अखेर हे बनवणं बंद. तेच रसायन दुसऱ्या कंपन्या विकतात, त्यामुळे मिळतं, पण कागदावर रसायनाचं नाव एफके ५-१-१२ असं लिहून घ्या आणि रिफिल कोण देणार ते आधी विचारा. त्याचे फायदे आहेत, नाही असं नाही. पण एका छोट्या बँकेला सांगलीत रिफिल कोण आणून देणार हा प्रश्न मोठा. सिलिंडर मोठ्या शहरात पाठवून आठवडाभर खोली उघडी ठेवाल का?

कृष्णाकाठ
पाच आठवड्यांनी परत आलोय. अपडेट. दुसऱ्याकडून कोटेशन घेतलं, ४१ किलो, तीन नोझल. मंडळाने मंजूर केलं, काकांना शेजारच्या दोन रॅकचं उदाहरण पटलं, त्यांच्या घराशेजारी मागे कापसाचं गोडाऊन जळालेलं, ते म्हणाले "असंच, शेजाऱ्याचं धुरानंच गेलं होतं". फायरपंप साहेब, आभार.

पण फजिती पुढे आहे. बसवण्याआधी डोअर फॅन टेस्ट करायला लावली. दारात लाल कापडाची चौकट आणि तिच्यात मोठा पंखा लावतात, खोलीत दाब देतात आणि किती हवा गळते ते मोजतात. गॅस किमान १० मिनिटं टिकायला हवा. आमचा आकडा आला तीन मिनिटं! मग त्या पोराने पॅनल आयसोलेट करून (चिंचेचं_झाड, आम्ही आधी तेच केलं!) उदबत्ती पेटवली आणि भिंतीच्या कडेने फिरवली. फ्लोअरखाली एसीच्या पाण्याच्या नळीच्या भोकाशी धूर सरळ ओढला गेला, तिथे माझी मूठ जाईल एवढी जागा. नंतर एक सीलिंगची टाइल काढून टॉर्च मारला तर जिप्समची भिंत सीलिंगच्या अर्धा फूट वर जाऊन संपलेली, तिथून स्लॅबपर्यंत मोकळं, पलीकडे पॅसेजची ट्यूबलाइट दिसत होती. सहा वर्षं मी त्या खोलीत बसतोय.

फायरपंप
हे शंभरातल्या निम्म्या खोल्यांत सापडतं, सुतार सीलिंगपर्यंत भिंत नेतो आणि काम झालं म्हणतो. आणि दोन्ही भोकं एकमेकांना मदत करतात. गॅस मिसळलेली हवा जड असते, ती खालून गळते. पण वरून हवा आत आल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट येत नाही, वर दुसरं पाडलं की धार लागते, तसं. वरून साधी हवा येत जाते आणि गॅसची पातळी खाली उतरते, म्हणजे आधी उघडा पडतो तो रॅकचा वरचा भाग. तुमचे स्विच वरच असतील.

कृष्णाकाठ
वरच आहेत. भिंत स्लॅबपर्यंत नेली, नळीभोवती फायर सीलंट भरला, दाराखाली पट्टी लावली. दुसऱ्या टेस्टला १२ मिनिटं. आता फक्त जास्तीचा दाब सोडायला झडप लावायची राहिलीय, खोली घट्ट झाली म्हणून ती लागतेच म्हणाला, नाहीतर गॅस सुटताना सीलिंगच्या टाइल उडतील.

ठिणगी
आणि यूपीएस?

कृष्णाकाठ
लेड ॲसिड आहे. बाहेर काढायला जागा एकच, जिन्याखाली, तिथे सध्या चेअरमन साहेबांचे वर्धापनदिनाचे बॅनर आहेत. बोलणी चालू आहेत.

जुना_लाइनमन
सिलिंडरच्या काट्यावर विसंबू नका हां, एवढं तरी माझं ऐका. आमच्याकडे काटा हिरव्यात आणि आत अर्धं.

फायरपंप
हे मात्र शंभर टक्के, लाइनमन साहेब. एफएमच्या सिलिंडरमध्ये दाब नायट्रोजनचा असतो, काटा तो दाखवतो. गॅस किती उरलाय ते वजनानेच कळतं. सहा महिन्यांनी वजन करून घ्या, ५ टक्क्यांच्या वर घट असली तर परत भरायला पाठवा. मस्कतकरांच्या इनर्टला काटा पुरतो, कारण तिथे आत फक्त गॅसच आहे.

चिंचेचं_झाड
कृष्णाकाठ, दसऱ्याला पूजा दाराबाहेर करा. बटण दाबून धरायचं असतं, वॉचमनला पण दाखवून ठेवा.